एका ताईंचं रेकॉर्डिंग किती ठिकाणांहून काढायचं?

प्रश्न: आम्ही चौघींनी समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी कोपरखैरणे-घणसोलीतल्या 22 घरकामगार ताईंच्या मुलाखती मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. संमतीपत्रावर ‘कॉलेजच्या प्रकल्पासाठी’ एवढंच होतं. आता एक ताई म्हणतात, माझं रेकॉर्डिंग काढून टाका. फाइल्स सगळ्यांच्या फोनवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि ड्राइव्हवर आहेत. सर म्हणतात, पुढच्या बॅचसाठी ठेवा. काय करायचं? – विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर: रेकॉर्डिंग काढा, आणि आजच काढायला लागा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 च्या कलम 6 नुसार संमती दिलेल्या माणसाला ती कधीही मागे घेता येते, आणि मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं लागतं. ताईंनी कारण सांगायची गरज नाही, लेखी अर्जही मागू नका. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. पण तेवढ्यावर विसंबून थांबू नका. ताईंना तुम्ही कागदावर शब्द दिला आहे. संशोधनाला कलम 17 मध्ये सूट आहे हे खरं, पण ती ठरवलेली मानकं पाळली तरच मिळते, आणि गरज संपल्यावर डेटा न ठेवणं हे त्या मानकांतच येतं.

सरांच्या सूचनेचं उत्तरही त्या कागदातच आहे. ‘कॉलेजचा प्रकल्प’ हे वाचताना ताईंच्या डोळ्यांसमोर तुम्ही चौघी होतात, पुढच्या वर्षीची अनोळखी मुलं नव्हती. त्यांना फाइल्स द्यायच्या तर उरलेल्या 21 जणींना पुन्हा भेटून वेगळी संमती घ्यावी लागेल. ‘नाव काढून देऊ’ हा उपाय इथे पुरत नाही. आवाज ओळखू येतो, आणि ‘अमुक सोसायटीत तीन घरं करणारी, नवरा रिक्षा चालवतो’ एवढ्यावरून त्या सोसायटीत माणूस ओळखता येतो.

आता काढायचं कसं. आधी प्रती कुठे कुठे आहेत ते कागदावर लिहा, कारण चूक इथेच होते. चौघींचे फोन आणि त्यांतल्या रिसायकल बिन, व्हॉट्सअ‍ॅपवरून आपोआप उतरलेल्या फाइल्स, कोणी लॅपटॉपवर घेतली असेल तर ती, मुलाखतीचा टाइप केलेला मजकूर, अहवालाच्या मसुद्यातली त्यांची वाक्यं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकीने पुसलं म्हणून बाकीच्यांच्या फोनमध्ये साठवलेली फाइल जात नाही; प्रत्येकीने स्वतःच्या फोनमधून काढायची. ड्राइव्हच्या सामायिक फोल्डरमधली फाइल जिच्या खात्यातून चढवली तिनेच काढायला हवी, आणि नंतर ट्रॅशही रिकामा करायचा, नाहीतर ती तिथे 30 दिवस राहते. शेवटी ताईंना फोन करून ‘काढलं’ असं कळवा. अहवाल आधीच सादर झाला असेल, तर तोपर्यंतचा वापर संमतीतच होता, तो बेकायदा ठरत नाही. तरीही त्यांचं वाक्य जसंच्या तसं छापलं असेल तर सरांना सांगून सुधारित प्रत द्या.

उरलेल्या मुलाखतींसाठी एका पानाचा आराखडा पुरेल. नेहमीच्या 128 केबीपीएस दर्जाची 40 मिनिटांची मुलाखत सुमारे 38 एमबी होते. 21 मुलाखती मिळून 1 जीबीच्याही आत. म्हणजे इतक्या ठिकाणी ठेवायचं काही कारणच नाही. मूळ प्रत एकीच्या लॅपटॉपवर, पासवर्ड घातलेल्या 7-Zip फाइलमध्ये (एईएस-256), आणि तशीच दुसरी प्रत एका पेन ड्राइव्हवर सरांच्या कुलूपबंद कपाटात. दोन्ही उघडून, ऐकून पाहिल्यावर बाकी सगळीकडून पुसा. ड्राइव्हच्या सिंकला बॅकअप समजू नका: एका ठिकाणी फाइल चुकून पुसली तर ती सगळीकडून पुसली जाते. फाइलला नाव `M07.m4a` असं द्या. M07 म्हणजे कोण, ते फक्त कागदी यादीत, आणि ती यादी पेन ड्राइव्हपासून वेगळ्या ठिकाणी.

पुसण्याची एक नोंदवहीही ठेवा: क्रमांक, तारीख, कुठून काढलं. नाव नको. तिचं खरं काम लॅपटॉप बिघडेल तेव्हा कळतं. पेन ड्राइव्हवरून सगळं परत आणताना काढून टाकलेली मुलाखतही परत येते, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मुलाखत काढली त्याच दिवशी पेन ड्राइव्हवरची प्रतही नव्याने बनवा, आणि फाइल्स परत आणल्या की वही समोर धरून तपासा.

निकाल लागल्यापासून 30 दिवसांत ऑडिओ आणि नावांची यादी दोन्ही नष्ट करायची, हे आराखड्यात तारखेसह लिहा आणि कोण करणार तिचं नावही लिहा. परीक्षा संपल्यावर चौघी चार दिशांना जातात; नाव लिहिलेलं नसेल तर पेन ड्राइव्ह कपाटात तसाच राहतो.

21 जणींपैकी कोणी 18 वर्षांखालची असेल तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ती घेतलेली नसेल तर तिची मुलाखत वापरू नका.