साबुदाण्याचा कंद उकडायचा तर

“आई, आपण उपासाला खातो तो साबुदाणा कसाव्याचाच असतो ना? इथल्या दुकानात अख्खा कसावा मिळतो. एकादशीला तो रताळ्यासारखा उकडून खाल्ला तर चालेल का? आणि त्याच्यावर ‘सोलून, पूर्ण शिजवूनच खा’ अशी चिठ्ठी का लावलीय? गाजरासारखा एखादा कच्चा तुकडा खाल्ला तर काय होतं?”

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

उपासाला चालेल. साबुदाणा चालतो तर त्याचा कंद न चालायला काही कारण नाही. आजीच्या घरी तो कधी शिजला नाही, कारण कोकणात उकडायला रताळी, कणगर होतीच. केरळात मात्र याला कप्पा म्हणतात आणि तो तिथलं रोजचं खाणं आहे. मी उकडायला शिकले तीही एका मल्याळी शेजारणीकडूनच.

पण कच्चा तुकडा तोंडात टाकायचा नाही. चव बघायलासुद्धा नाही. ती चिठ्ठी दुकानदाराने हौसेने लावलेली नाही. ऑस्ट्रेलियात कच्च्या कसाव्याबरोबर ही सूचना देणं नियमाने बंधनकारक आहे.

कारण असं. कसाव्याच्या पेशींमध्ये लिनामरिन नावाचा पदार्थ असतो आणि त्याच्यापासून वेगळं ठेवलेलं, त्याला फोडणारं एक विकर म्हणजे एन्झाइम असतं. कंद अख्खा असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. किसला, ठेचला किंवा दातांनी चावला की पेशी फुटतात, ती दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. झाडाची ही कीटकांपासून बचावाची युक्ती आहे, पण ते विष आपल्यालाही लागू पडतं. सायनाइडमुळे पेशींना रक्तातला ऑक्सिजन वापरता येत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो, आणि जास्त प्रमाणात गेलं तर जिवावर बेततं. तुझ्याकडच्या कुणी चुकून कच्चा खाल्लाच, तर त्रास व्हायची वाट न बघता 13 11 26 या विषबाधा केंद्राला फोन करायचा. श्वासाचा त्रास किंवा भोवळ असेल तर सरळ 000.

दुकानात मिळतो तो ‘गोड’ कसावा. एक किलो कंदात 50 मिलिग्रॅमपेक्षा कमी सायनाइड निघेल अशा कसाव्यालाच ऑस्ट्रेलियाच्या नियमात गोड म्हणतात. कडू जातीत ते कितीतरी जास्त असतं. ती किसून, भिजवून, आंबवूनच खाण्याजोगी करतात, नुसती उकडून नाही. पण गोड म्हणजे कच्चा खाण्यासारखा असं समजू नकोस.

आता घेताना बघ. साल कोरडी, घट्ट हवी. मऊ पडलेला, बुरशी आलेला नको. विकायला येणाऱ्या कंदावर कधीकधी मेणाचा थर असतो, कारण काढल्यावर दोन-तीन दिवसांत तो आतून बिघडायला लागतो. कापल्यावर आतला भाग पांढराशुभ्र दिसला पाहिजे. निळ्या-काळ्या रेघा दिसल्या तर तेवढा भाग काढून टाक, सगळीकडे पसरल्या असतील तर कंदच टाकून दे.

सोलायला बटाट्याचं सोलाणं घेऊ नकोस, त्याने निम्मंच काम होतं. साली दोन असतात: वरची तपकिरी, पातळ, आणि तिच्या खाली गुलाबीसर पांढरी, जाड. विषाचा मोठा वाटा या दुसऱ्या सालीत असतो, म्हणून दोन्ही गेल्याच पाहिजेत. किलोभराचा कंद घेतलास तर दोन्ही टोकं उडव आणि बोटभर लांबीचे तुकडे कर. प्रत्येक तुकडा उभा धरून सालीला वरून खालपर्यंत एक चीर दे. त्या चिरेत सुरीचं टोक घालून थोडं उचल, की दोन्ही साली एकत्र सुटतात. एकदा हात बसला की भराभर होतं. सालासकट उकडून मग सोलू, हे रताळ्याला ठीक आहे, याला नाही.

मग प्रत्येक तुकड्याचे उभे चार भाग कर. मधोमध एक वातीसारखा धागा दिसेल. तो आत्ता निघाला तर काढ, नाहीतर शिजल्यावर सहज सुटतो. तुकडे छोटे करण्यामागे लवकर शिजणं एवढंच कारण नाही. उकळत्या पाण्यात ते विकर लगेच निकामी होतं, त्यामुळे उरलेलं लिनामरिन फुटून वाफेवर उडून जात नाही, तसंच आत राहतं. त्याला बाहेर काढायचा मार्ग म्हणजे पाण्यात विरघळवणं. तुकडा जितका लहान आणि पाणी जितकं जास्त, तितकं ते जास्त बाहेर येतं. मोठ्या तुकड्याच्या पोटात ते अडकून राहतं.

म्हणून बटाट्यासारखं कुकरच्या भांड्यात पाण्याशिवाय वाफवायचं नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही. मोठ्या पातेल्यात तीनेक लिटर थंड पाणी घे, धुतलेले तुकडे टाक आणि झाकण न लावता उकळू दे. उकळी आल्यावर दहा मिनिटांनी ते पाणी ओतून दे, दुसरं कढत पाणी घाल, मीठ टाक. उपास असेल तर सैंधव. पुढे साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. कंद जुना असेल तर जास्तही, तेव्हा घड्याळापेक्षा तुकड्याकडे बघ. शिजला की कडा उलायला लागतात, रंग किंचित पिवळसर होतो आणि सुरी आरपार जाते. मध्ये कुठे टणक लागलं तर आणखी उकळ. हेही पाणी फेकायचं. आमटी-सारात वापरायचं नाही, कणीक भिजवायला तर नाहीच. तुझा काटकसरीचा स्वभाव माहीत आहे म्हणून मुद्दाम लिहिते. शिजवूनही कडू लागला तर गिळू नकोस, सगळा टाकून दे.

फ्रीझरमधला सोललेला कसावाही मिळतो. सोलायची कटकट वाचते, पण तो कच्चाच असतो. मोठे तुकडे असतील तर थोडे सुटे झाल्यावर बारीक कर आणि वर सांगितलं तसाच दोन पाण्यांत उकळ.

मग साबुदाणा नुसता भिजवून परतला तरी कसा चालतो, हा प्रश्न तुला पडेलच. तमिळनाडूत सेलमकडे कंद सोलून किसतात आणि पाण्यात गाळून त्यातलं पीठ खाली बसू देतात. किसताना पेशी फुटतात, विकर आपलं काम करतं, आणि सुटलेलं बरंचसं धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातं. मागे राहतो तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याचेच दाणे करून भाजतात आणि वाळवतात. म्हणजे आपण पातेल्यात करतो ते काम तिथे आधीच होऊन आलेलं असतं.

एकादशीला असा कर: निथळलेले तुकडे हाताने जरा मोड, धागे काढ. तुपात जिरं, हिरवी मिरची, त्यावर कसावा, दाण्याचं कूट, ओलं खोबरं. लिंबू पिळ. गरम असतानाच खा, गार झाला की घट्ट होतो. उरलेला फ्रिजमध्ये ठेवलास तर दुसऱ्या दिवशी तव्यावर तूप सोडून खरपूस परत. उपास सुटला असेल तर माशाच्या कालवणाबरोबरही खा. केरळात तसाच खातात, आणि तुझ्या बाबांना तोच जास्त आवडतो.

तुझी,
आई