केळीची केस आणि ‘आम्ही केलं’

“मॅडम, एमबीए झालं, पण नोकरीचा एक दिवसाचाही अनुभव नाही. मुलाखतीत लीडरशिपचं उदाहरण मागतात. माझ्याकडे कॉलेजमधली एक केस कॉम्पिटिशन सोडली तर काहीच नाही. तेवढ्यावर भागेल का?”

भागतं. फक्त त्या स्पर्धेत तुझ्यामुळे नेमकं काय बदललं, ते सांगता आलं पाहिजे.

रावेरकडची एक मुलगी जळगावला माझ्याकडे आली. बायोडेटात ओळ होती, ‘चार जणांच्या टीमचं नेतृत्व केलं, अंतिम फेरी गाठली.’ मी विचारलं, “तू नसतीस तर काय वेगळं झालं असतं?” ती गप्प. मुलाखतीतही ती इथंच अडकत होती. प्रत्येक वाक्य ‘आम्ही केलं’ असं, त्यात तिचा वाटा दिसतच नव्हता.

मग तासभर आम्ही त्या दोन दिवसांचीच उजळणी केली. केस केळीची होती. शहरात पोहोचेपर्यंत माल डागाळतो, कंपनीनं काय करावं? बाकी तिघांना ॲप करायचं होतं. हिनं गावाकडे काकांना फोन लावला. काका म्हणाले, “घड ट्रकात एकावर एक रचतात, खालचा माल दबतो. ॲप काय करील त्याला?”

सादरीकरणाला चौदा तास उरलेले, ॲपच्या सहा स्लाइड तयार. हिनं वाद घातला नाही. दोघांना दोन व्यापाऱ्यांचे नंबर दिले, म्हणाली, तुम्हीच विचारा. अर्ध्या तासात दोघांचं मत बदललं. स्लाइड करणारा मात्र रुसला. त्याचा हिशेब पक्का, म्हणून क्रेटचा खर्च काढायचं काम तिनं त्याच्यावर सोपवलं, आणि रात्रभर तोच सगळ्यात जास्त जागला. घडाच्या फण्या वेगळ्या करून क्रेटमध्ये भरायच्या, ही सूचना अंतिम फेरीत गेली. तिथं परीक्षकांनी विचारलं, रिकामे क्रेट परत कोण आणणार? उत्तर नव्हतं. नंबर हुकला.

ही हार ती लपवत होती. मी ती सांगायलाच लावली. दोन मिनिटांच्या उत्तरात केस तीन वाक्यांत संपवायची, बराचसा वेळ त्या रात्रीच्या निर्णयाला आणि रुसलेल्या मुलाला द्यायचा, शेवटी चुकलेला प्रश्न. बायोडेटातली ओळही बदलली: ‘व्यापाऱ्यांशी बोलून, चौदा तास उरले असताना टीमची दिशा बदलली.’ तीन फोनांना ‘मार्केट रिसर्च’ लिहायचा तिला मोह झाला होता. मी नको म्हटलं, कारण पुढचा प्रश्न ‘किती जणांशी बोललात?’ हाच येतो, आणि तिथं सगळंच उत्तर संशयात सापडतं.

पुढच्या मुलाखतीत तिला क्रेटवरच अडवलं. ती म्हणाली, “तेव्हा सुचलं नाही. नंतर काकांकडे जाऊन विचारलं. आता मी दर क्रेटमागे अनामत घेईन, म्हणजे दुकानदार स्वतःच परत देईल. पण परतीच्या गाडीचं भाडं कोण सोसणार, ते अजून सुटलेलं नाही.” पुढची दहा मिनिटं ते त्या भाड्यावरच बोलत होते.