मिनॉक्सिडिल सोडल्यावर केस का गळतात? वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर साहेब, दोन वर्षं 5 टक्क्यांचं मिनॉक्सिडिल लावलं, चांगले केस आले. एप्रिलच्या मध्यात उन्हाळ्यामुळे बंद केलं, घामानं लयच चिपचिप होत होती. मे महिना काहीच झालं नाही. जूनच्या शेवटी माहे केस मूठभर गयायले लागले. मे महिन्यातच घरी नवी बोअर झाली. पाणी खारं आहे. बोअरमुळेच होत असंल ना? (वय 31, आर्वी तालुका)

बोअरला दोष देऊ नका. खाऱ्या पाण्यानं केस राठ होतो, गुंततो, मधूनच तुटतो. मुळापासून निघत नाही. उशीवरचे चार केस उचला आणि उजेडात धरून टोक बघा. एका टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो केस मुळापासून सुटलेला आहे. दोन्ही टोकं नुसती असतील आणि केस आखूड असेल तर तो तुटलेला. तुमच्याकडे गाठीचेच जास्त सापडतील असा माझा अंदाज आहे, कारण तुम्ही दिलेल्या तारखा औषध बंद केल्याच्या हिशेबात अगदी बसतात.

प्रत्येक केसाचा वाढीचा काळ काही वर्षांचा असतो. तो संपला की मूळ विश्रांतीला जातं. पण केस त्याच दिवशी पडत नाही, साधारण तीन महिने तो टाळूत नुसता अडकून राहतो आणि मग गळतो. आनुवंशिक टकलात वाढीचा काळ दर फेरीला कमी होत जातो आणि केस बारीक होत जातो. मिनॉक्सिडिल त्या मुळांना वाढीच्या काळात धरून ठेवतं आणि विश्रांतीला गेलेल्यांना लवकर उठवतं. टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या हार्मोनला मात्र ते हात लावत नाही. ते हार्मोन दोन वर्षं आपलं काम करतच होतं.

आता तुमचं कॅलेंडर मांडू. एप्रिलच्या मध्यात बाटली बंद. रक्तात गेलेलं थोडंसं औषध चार-पाच दिवसांत निघून गेलं. पुढच्या काही आठवड्यांत औषधाच्या आधारावर टिकलेली पुष्कळ मुळं जवळजवळ एकाच वेळी विश्रांतीला गेली. ठिबक बंद केलं म्हणून कपाशी त्याच संध्याकाळी माना टाकत नाही, तसं मे महिन्यात आरशात काही दिसलं नाही. अडकून राहिलेले केस जूनच्या शेवटी सुटायला लागले, एकत्र सुटले म्हणून मूठभर वाटले. जुलै-ऑगस्टमध्ये गळती जोरात राहील, नंतर मंदावेल. ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे बंद केल्यापासून सहा महिन्यांत, औषधानं मिळालेलं बहुतेक सगळं गेलेलं असेल. या मधल्या दोन-अडीच महिन्यांच्या शांततेमुळेच लोक भलत्यावर आळ घेतात. कुणी पाण्यावर, कुणी नव्या साबणावर, कुणी लग्नात लावलेल्या मेंदीवर.

केस हवे असतील तर ऑक्टोबरची वाट बघू नका, आजच सुरू करा. फक्त गळती उद्या थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. जे केस सुटलेलेच आहेत ते पडणारच. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती थोडी वाढूही शकते, कारण उठलेलं मूळ जुना केस ढकलून देतं. इथंच बरेच जण घाबरून दुसऱ्यांदा बंद करतात. नवी वाढ दिवाळीनंतर जाणवेल.

चिपचिपीवर उपाय आहे. बाटलीतल्या औषधात प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, चिकटपणा आणि खाज बहुधा त्याचीच. फोममध्ये ते नसतं. फोमचा डबा दाबाखालचा असतो, तो उन्हात किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. दुपारी शेतात घाम येत असेल तर सकाळचा हप्ता अंघोळीनंतर डोकं कोरडं करून लावा आणि कामाला निघण्याआधी वाळू द्या. तेही जमत नसेल तर निदान रात्रीचा एक हप्ता सोडू नका. दोनदा लावण्याइतका फायदा होणार नाही, पण पूर्ण बंद करण्यापेक्षा बरं. बाटलीत स्पिरिट असतं, त्यामुळे लावल्यावर लगेच चुलीपाशी बसू नका.

प्रश्न : औषध सोडलं तर आधीपेक्षाही जास्त टक्कल पडतं असं मेडिकलवाला म्हणतो. खरं आहे का? (वाशिम)

नाही. औषध कधीच लावलं नसतं तर आज जिथं असता तिथं तुम्ही येता, त्याच्या खाली नाही. गफलत होते ती तुलनेत. तीन वर्षं लावून सोडलेला माणूस आपल्या तीन वर्षांपूर्वीच्या फोटोशी तुलना करतो, पण टक्कल या तीन वर्षांत पुढे सरकलेलंच होतं, औषधानं ते झाकून ठेवलं होतं. तीन वर्षांचा हिशेब तीन महिन्यांत समोर आला की माणसाला औषधानंच घात केला असं वाटणारच.

प्रश्न : माझं वय 29. भांग रुंद झाल्यामुळे दीड वर्षापासून मिनॉक्सिडिल लावते. आम्ही आता बाळाचा विचार करतोय. औषध कधी आणि कसं बंद करू? हळूहळू कमी करू का? (दारव्हा तालुका)

ताई, तुमच्या बाबतीत बंद करणं पक्कं आहे. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे औषध लावायचं नाही. प्रयत्न सुरू करण्याच्या एक महिना आधी थांबवा. शरीरातून ते काही दिवसांतच निघतं, त्यामुळे सहा-सहा महिने आधीपासून सोडायची गरज नाही. हळूहळू कमी करून काही वाचत नाही, गळती फक्त लांबते. सरळ बंद करा.

औषध चालू असतानाच दिवस गेले असं कळलं, तर त्याच दिवशी लावणं थांबवा आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. टाळूवर लावलेल्यातलं शंभरात एक-दोन भागच रक्तात जातं. तेवढ्या भीतीनं कुणी गर्भपाताचा सल्ला देत असेल तर ऐकू नका.

खरं नियोजन करायचं ते गळतीचं. बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांनी ती येईल. दिवस गेले असतील तर तितकी जाणवणारही नाही, कारण गरोदरपणातली हार्मोन्स केस धरून ठेवतात. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी मात्र ते धरलेले केस एकदम सुटतात. ही गळती मिनॉक्सिडिल न लावणाऱ्या बायांनाही होते आणि बहुतेकींची वर्षभरात भरून येते. तुमच्या भांगाचा मूळ त्रास तेवढा राहील. त्यावर पुन्हा औषध सुरू करायचं ते पाजणं सुटल्यावर.

आत्ताच दोन गोष्टी करून घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉईड तपासा. लोह कमी असताना औषध सोडलं तर दोन गळत्या एकमेकींवर चढतात आणि मग कोणती कशाची ते मलाही सांगता येत नाही. दुसरं, घरात नवरा टकलासाठी फिनास्टेराईडची गोळी घेत असेल तर तिचे तुटलेले तुकडे तुम्ही हातात घेऊ नका. मुलग्याच्या गर्भाला त्याचा धोका असतो.

प्रश्न : कापूस वेचणीत पंधरा दिवस लावणं झालं नाही. आता दुप्पट लावून भरून काढू का? आणि पुढं कधी सोडायचंच ठरवलं तर केस वाचवायचा काही मार्ग आहे का? (वय 36, पांढरकवडा)

दुप्पट लावू नका. मुळाला वापरता येतं त्यापेक्षा जास्त औषध टाळूवर ओतलं तर रक्तात जास्त जातं, धडधड आणि डोकेदुखी वाढते, केस वाढत नाहीत. एका वेळी एक मिली, बस. पंधरा दिवसांनी सहसा काही बिघडत नाही. महिन्याच्या पुढे गेलं की गळतीची शक्यता धरून चला.

कायमचं सोडायचं असेल तर पुरुषांपुढे फिनास्टेराईडचा विचार ठेवता येतो, कारण ते डीएचटी कमी करतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायचं. लैंगिक इच्छा कमी होणं, मन खचणं असे परिणाम काही जणांत होतात, ते आधी समजून घ्या. मिनॉक्सिडिल सोडण्याच्या किमान सहा महिने आधी ते सुरू झालेलं असावं, आणि तरीही मिनॉक्सिडिलच्या वाट्याचे केस काही प्रमाणात जातीलच. सोडण्याच्या दिवशी कोरड्या केसांचा, एकाच जागी, दिवसाच्या उजेडात समोरून आणि टाळूवरून फोटो काढा. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात तसाच काढा. रोज केस मोजत बसण्यापेक्षा हे बरं. दिवसाला पन्नास ते शंभर केस कुणाचेही पडतात. बंद करायचा मुहूर्त मात्र पाहा. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा झपाट्यानं वजन उतरणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस तसेही गळतात. अशा वेळी सोडू नका.

प्रश्न : मित्राच्या सांगण्यावरून मिनॉक्सिडिलची गोळी घेतो. पाय सुजतात, छातीत धडधडतं. बंद केली तर केस जातील म्हणून भीती वाटते. (अकोट)

केसांचं नंतर बघू. ही गोळी मुळात रक्तदाबाची आहे. ती शरीरात पाणी धरून ठेवते, म्हणून पाय सुजतात. उद्याच डॉक्टरांकडे जा, नाडी, रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या, आणि तोवर गोळी घेऊ नका. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा चक्कर येत असेल तर उद्याचीही वाट पाहू नका. हीच गोळी कुणाला डॉक्टरांनी रक्तदाबासाठी दिली असेल तर त्यांनी मात्र ती मनानं सोडू नये, दाब एकदम चढू शकतो.

प्रश्न : मिनॉक्सिडिल सोडून तीन महिने झाले. केस गळतायत. शेगावकडच्या गावांत झालं तसं तर नाही? (खामगाव)

जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांतून ज्या बातम्या आल्या, त्यांत माणसांचे केस काही दिवसांतच झडून टक्कल पडलं होतं, बायकापोरांचेही, औषध लावलेलं नसताना. मिनॉक्सिडिल सोडल्याची गळती महिनोन् महिने चालते आणि जिथं औषध काम करत होतं तिथंच, म्हणजे कपाळाच्या वर आणि भोवऱ्यावर, दिसते. कानाच्या वरचे आणि मानेजवळचे केस तसेच राहतात. तिथलेही जात असतील, रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली असेल, टाळू लाल होऊन खपल्या येत असतील किंवा घरात आणखी कुणाचे गळत असतील तर कारण दुसरं आहे. मग जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांना टाळू दाखवा, आणि औषध कोणत्या तारखेला बंद केलं ते लिहून न्या.