अर्जांच्या शीटमधून नेमकं काय वाचायचं?

प्रश्न: चार महिने झाले, कुठे कुठे अर्ज केले ते शीटमध्ये लिहून ठेवतोय. दीडशेच्या आसपास ओळी झाल्यात. पण कुठल्या मार्गाने खरंच काम होतंय हे त्यातून कसं कळणार?

उत्तर:

तुमच्या शीटमध्ये बहुधा ‘सोर्स’ नावाचा एकच रकाना असेल. सगळ्यात आधी त्याचे दोन करा. जागा कुठे दिसली हा एक, आणि तुमचा सीव्ही कुठून आत गेला हा दुसरा. नोकरी शोधताना या दोन गोष्टी खूपदा वेगळ्या असतात. त्या एकाच रकान्यात कोंबल्या की शीट कितीही मोठी झाली तरी उत्तर देत नाही.

माझ्या मावसबहिणीची शीट आम्ही दोघींनी मिळून लावली होती, तिचंच उदाहरण घेते. ती डोंबिवलीला राहते. फोर्टमधल्या एका सीए ऑफिसात काही वर्षं काम केलं, जीएसटी, टीडीएस, टॅली सगळं हाताखालून गेलेलं, आणि आता तिला कंपनीत अकाउंट्सची नोकरी हवी होती. तिचे रकाने असे होते: A मध्ये तारीख, B कंपनी, C पद, D कुठे दिसली, E कुठून गेला, F पायरी, G जुळणी, H किती मिनिटं लागली. एवढे पुरतात. याहून जास्त केले की आठवड्याभरात भरायचा कंटाळा येतो.

F मधली ‘पायरी’ नीट समजून घ्या. बहुतेक जण तिथे ‘स्टेटस’ ठेवतात आणि नकार आला की आधीचं पुसून ‘रिजेक्टेड’ लिहितात. मग दोन फेऱ्या होऊन आलेला नकार आणि कुणी उघडूनही न पाहिलेला अर्ज, दोन्ही सारखेच दिसू लागतात. त्याऐवजी अर्ज जास्तीत जास्त कुठवर पोचला तो आकडा लिहा. ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे एचआरचा किंवा कन्सल्टन्सीचा फोन, २ म्हणजे ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांच्याशी इंटरव्ह्यू, ३ शेवटची फेरी, ४ ऑफर. हा आकडा फक्त वर जातो, खाली कधीच येत नाही. नकार आला तर ओळीला राखाडी रंग द्या, आकडा तसाच ठेवा.

E रकाना हाताने टाइप करू नका. `Insert > Dropdown` मधून यादी लावा. नाहीतर एकदा ‘ओळख’, एकदा ‘ओळखीतून’, एकदा ‘रेफरल’ असं पडतं आणि मोजणी तुटते. तारखेचंही तसंच. गूगल शीटमध्ये `File > Settings` मध्ये लोकॅल अमेरिकेचं राहिलं असेल तर १३ मे ही तारीख नुसता मजकूर म्हणून बसते आणि ५ जूनची ६ मे होते. रकान्यात काही तारखा डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे दिसल्या, तर डावीकडच्या मोजल्या जात नाहीयेत असं समजा.

मग प्रत्येक मार्गासाठी दोन सूत्रं:

```
=COUNTIFS(E:E,"ओळख",A:A,"<="&TODAY()-21)
=COUNTIFS(E:E,"ओळख",F:F,">=2",A:A,"<="&TODAY()-21)
```

पहिलं त्या मार्गाने गेलेले अर्ज मोजतं, दुसरं त्यातले इंटरव्ह्यूपर्यंत पोचलेले. २१ दिवसांची अट अशासाठी, की परवा केलेल्या अर्जाला आज उत्तर आलं नाही म्हणून तो फुकट गेला असं म्हणता येत नाही. बहिणीला आलेले जवळजवळ सगळे पहिले फोन अर्जानंतर दोन आठवड्यांच्या आत आलेले होते, म्हणून आम्ही तीन आठवडे धरले. तुमच्या क्षेत्रात वेळ जास्त लागत असेल तर तुमच्याच शीटमध्ये बघून हा आकडा बदला.

तिचं चित्र असं निघालं. नौकरी डॉट कॉमवरून ६२ अर्ज, ७ फोन, २ इंटरव्ह्यू. लिंक्डइनच्या ‘ईझी अप्लाय’मधून ४१ अर्ज, २ फोन, इंटरव्ह्यू एकही नाही. कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवरून १४ अर्ज, १ फोन, इंटरव्ह्यू नाही. कन्सल्टन्सीमार्फत ९, त्यात ६ फोन आणि १ इंटरव्ह्यू. ओळखीतून फक्त ७, पण ४ फोन आणि ३ इंटरव्ह्यू.

तिला स्वतःला तोवर वाटत होतं की कन्सल्टन्सीवाले सगळ्यात कामाचे, कारण फोन त्यांचेच सारखे यायचे. पण पायरी २ मोजल्यावर नऊपैकी एकच निघाला. त्यांचा फोन म्हणजे बऱ्याचदा नोटीस पिरियड किती, सध्याचा पगार किती, सीव्ही पुन्हा पाठवा, इतकंच असतं. फोन मोजून मार्ग ठरवू नका हे मी म्हणते ते यासाठी.

आता D आणि E शेजारी शेजारी ठेवून बघा. ओळखीतून गेलेल्या सातांपैकी चार जागा तिला मुळात लिंक्डइनवर दिसल्या होत्या, आणि तीन इंटरव्ह्यूंपैकी दोन त्याच चारांतले. म्हणजे लिंक्डइनवर बटण दाबून ४१ अर्जांतून इंटरव्ह्यूचं नाव नाही, पण तिथे जागा बघून आतल्या माणसाकडून सीव्ही पाठवला तर दार उघडत होतं. एकच ‘सोर्स’ रकाना असता तर ‘लिंक्डइन बेकार’ म्हणून तिने ते बंद केलं असतं, आणि ओळखीतल्या निम्म्याहून जास्त जागा तिला दिसल्याच नसत्या. मुंबईत सीए ऑफिसात काम केलेल्याला ही सोय मोठी आहे: बरोबरच्या आर्टिकल्स, म्हणजे तिथे शिकाऊ म्हणून असलेल्या मुली, पुढे बीकेसी, अंधेरी, ऐरोली अशा ठिकाणच्या कंपन्यांत पसरलेल्या असतात. जागा दिसली की आधी त्या कंपनीत आपलं कोण आहे ते शोधायचं आणि मगच सीव्ही पाठवायचा, असं तिने ठरवलं.

पण इथे एक मोठी गफलत होऊ शकते. ओळखीतून ४३ टक्के आणि नौकरीवरून ३ टक्के, हे आकडे बघून नौकरी बंद करावीशी वाटते. मात्र ओळखीच्या माणसाला आपण कधी त्रास देतो? जागा अगदी आपल्यासाठीच असेल तेव्हाच. नौकरीवर मात्र रात्री लोकलमध्ये बसून जे दिसेल त्याला अप्लाय होतं. G मधली ‘जुळणी’ याचसाठी आहे: अर्ज करतानाच १, २ किंवा ३ लिहायचं. निकाल कळल्यावर लिहिलं तर आपण नकळत फिरवतो. जाहिरातीत मागितलेला अनुभव, काम आणि पगार तिन्ही बसत असेल तर ३. बहिणीच्या ओळखीतल्या सातही ओळी ३ च्या होत्या. नौकरीवरच्या ६२ पैकी ३ च्या होत्या फक्त १५, आणि दोन्ही इंटरव्ह्यू त्यातलेच. म्हणजे खरी तुलना ४३ टक्के आणि १३ टक्के अशी. ओळख अजूनही पुढेच, पण नौकरी वाटलं होतं तितकी वाईट नाही. वाया गेले ते न जुळणाऱ्या जागांचे ४७ अर्ज.

यापुढचा प्रश्न थोड्या आकड्यांवर किती विसंबायचं हा. शून्य आलेल्या मार्गांसाठी संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे: n वेळा करून एकदाही यश आलं नाही, तर खरं प्रमाण साधारण ३ भागिले n इतकं असू शकतं, त्याहून जास्त असण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपासच. ईझी अप्लायचे ४१, म्हणजे ३/४१, सुमारे ७ टक्के. हा मार्ग फार तर इतकाच चांगला असू शकतो, तेव्हा तिथला वेळ कमी करायला हरकत नाही. कंपनी साइटचे १४, म्हणजे ३/१४, सुमारे २१ टक्के. तो मार्ग अगदी वाईट असेल किंवा बऱ्यापैकी चांगलाही असेल, १४ ओळींवरून सांगता येत नाही. दोन्हीकडे शून्यच, पण एकाबद्दल निर्णय घेता येतो आणि दुसऱ्याबद्दल नाही. ओळखीतल्या सातांचंही तसंच: ४३ टक्के हा आकडा पुढच्या दोन-तीन ओळींत चांगलाच हलेल. तो बाकीच्यांपेक्षा वरचढ आहे एवढंच धरून चालायचं.

कंपनी साइटबद्दल ठरवायला तिला H रकाना उपयोगी पडला. एकेका कंपनीच्या फॉर्मला तिला पाऊण तास लागायचा, सीव्हीत असलेलंच सगळं पुन्हा भरायचं. जुळणी ३ असेल आणि आत कुणीच ओळखीचं नसेल तरच तो फॉर्म भरायचा, असा नियम तिने केला.

समोरून आलेल्या फोनांसाठी E मध्ये ‘त्यांचा फोन’ असा वेगळा पर्याय ठेवा. नौकरीवर रिक्रूटर ‘रेसडेक्स’ नावाच्या डेटाबेसमधून सीव्ही शोधतात, आणि अलीकडे सक्रिय असलेले उमेदवारच दाखव अशी चाळणी त्यांना लावता येते. तिला असे ११ फोन आले, त्यातून ३ इंटरव्ह्यू. इथे अर्जच नसल्यामुळे याची टक्केवारी बाकीच्यांशी ताडू नका. ताडायचीच तर वेळेशी: तिचा यात जात होता तो फक्त प्रोफाइल ताजी ठेवण्याचा वेळ. प्रोफाइलचं शीर्षक किंवा सीव्ही बदलला की त्या तारखेला शीटमध्ये एक रिकामी रंगीत ओळ टाका. नंतर फोन वाढले तर ते मार्गामुळे की नव्या सीव्हीमुळे, हे निदान तपासता तरी येतं.

कन्सल्टन्सीचा फोन आला की हो म्हणण्याआधी कंपनीचं नाव विचारा आणि मोबाइलवर शीटमध्ये शोधा. आपला सीव्ही ओळखीतून तिथे आधीच गेला असेल आणि दुसऱ्या बाजूनेही पोचला, तर उमेदवार कुणाचा यावरून घोळ होतो आणि नुकसान आपलंच. नाव सांगायला तयार नसतील किंवा रजिस्ट्रेशनचे पैसे मागत असतील तर तिथेच थांबा.

तुमच्या जुन्या दीडशे ओळी टाकून देऊ नका. त्यात फक्त E आणि F भरा, जमलं तर D. जुळणी आता आठवून लिहू नका, ती नव्या ओळींपासून सुरू करा. सुटलेले अर्ज जीमेलमध्ये सापडतात, सर्चमध्ये तुमची सुरुवातीची तारीख घालून असं टाका:

```
subject:(application OR applied) after:2025/01/01
```

ओळखीतून गेलेल्यांचा मात्र मेल येत नाही. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या सीव्हीच्या फाइलचं नाव शोधा. कुणाकुणाला पाठवला होता ते तिथे तारखेसकट मिळेल.