पुढच्या महिन्यात डिव्होर्स होणारे, असं तो म्हणतोय

"ताई, मी ३२ वर्षांची, नाशिकला बँकेत ऑफिसर. मावशी सारखी ओळखीतली स्थळं आणते, आत्ता सिन्नरचं एक चांगलं आलंय. पण मला साईटवर एक जण आवडलाय. प्रोफाईलवर 'अवेटिंग डिव्होर्स' आहे, म्हणतो पुढच्या महिन्यात होईल. आई म्हणते साईटवरचं नकोच. काय करू?"

अगं, साईटवरचा म्हणून नको हे मला पटत नाही, पण 'अवेटिंग डिव्होर्स' म्हणजे कायद्याने तो आज विवाहित आहे एवढं पक्कं धर. हुकूमनामा व्हायच्या आत त्याने तुझ्याशी लग्न लावलं तर हिंदू विवाह कायद्यात ते लग्नच धरत नाहीत, कितीही वऱ्हाड जेवून गेलं तरी.

आता त्याला एकच विचार, परस्पर संमतीने आहे की केस भांडून चाललीये? संमतीचं असेल तर दोघं मिळून अर्ज करतात, मग साधारण सहा महिने थांबून दुसऱ्यांदा कोर्टासमोर सांगायचं असतं की आमचं अजून तेच मत आहे (२०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर काही केसेसमध्ये कोर्ट हे सहा महिने माफही करतं), म्हणजे दुसरी तारीख लागली असेल तर पुढचा महिना हे खरंही असू शकतं. पण मधल्या काळात बायकोने संमती काढून घेतली की सगळं अडकतं. आणि भांडून चालली असेल तर 'पुढच्या महिन्यात' म्हणजे फक्त पुढची तारीख, अशा केसेस वर्षानुवर्षं चालतात, आणि निकाल लागला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही.

त्याच्याकडून केसचा सीएनआर नंबर माग, सोळा अक्षरी असतो, ई-कोर्ट्सच्या साईटवर टाकला की केस कुठल्या टप्प्यावर आहे आणि पुढची तारीख कधी ते बहुतेक वेळा दिसतं. नाहीच दिसलं तर अर्जाची प्रत बघायला माग. ज्याचं खरंच चाललंय तो नंबर पाठवतो, जो "तुझा माझ्यावर विश्वास नाही का" सुरू करतो त्याचं काय ते तूच समज.

आणि मावशीच्या स्थळालाही सूट नको हं. मधली माणसं दोन्हीकडे गोड करून सांगतात, माझ्या भाचीला "नोकरीला हरकत नाही" असं सांगितलेलं, त्यातलं "मूल होईपर्यंत" साखरपुड्यानंतर कळलं. तुझी तर बदलीची नोकरी! मावशीमार्फत नको, मुलालाच समोरासमोर विचार की माझी उद्या नागपूरला बदली झाली तर घर कसं चालवायचं, आणि त्याची आई तिथे असताना विचार, त्याच्याआधी तीच उत्तर देते का ते बघ.

साईटवाल्याचा नंबर येईपर्यंत आईला काही सांगू नकोस. आला की तिच्यासमोरच टाकून बघ.