थकलंय, बाकी आहे, येणे आहे: सोसायटीच्या नोटिशीतले शब्द

प्रश्न: मी एका गृहनिर्माण सोसायटीच्या ऑफिसात काम करते. आम्ही आपापसांत बोलतो, "302 चं एकोणीस हजार थकलंय, एक कडक नोटीस काढा," किंवा "मागच्या वेळी कोरमच नव्हता, मीटिंग पुढे ढकलली." हेच सभासदांना लिहून कळवायचं म्हटलं की अडायला होतं. थकबाकी, बाकी, येणे, देय यांतला कोणता शब्द कुठे वापरायचा? आणि पुढे ढकलली म्हणजेच तहकूब ना?

उत्तर: तहकुबीचं आधी सांगतो. नाही, ते दोन शब्द वेगळ्या गोष्टींचे आहेत. त्यावर पुढे येतोच. पण तुमचं पहिलं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे, कारण नोटिशीत सगळ्यात जास्त घोळ "थकलंय" या क्रियापदामुळे होतो.

ऑफिसात "थकलंय" म्हटलं की समोरच्याला कळतं. खातेवही उघडी असते, दोघांनाही 302 माहीत असतो. त्यामुळे कुणाचं, कुणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत आणि कशापोटी, हे सगळं बोलण्यातून गळून जातं. नोटीस लिहायची म्हणजे "थकलंय"च्या जागी भारदस्त शब्द बसवायचा, असा समज आहे. खरं तर गळालेल्या या चार गोष्टी परत भरायच्या असतात. त्या भरल्या की शब्द आपोआप ठरतो.

302 चंच उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरतो. सेवाशुल्क दरमहा 3,200 रुपये, बिल तिमाहीचं, म्हणजे 9,600. एप्रिल ते जूनचं बिल 1 एप्रिल 2025 ला दिलं, भरायची मुदत 30 एप्रिल. ते भरलेलं नाही. जुलै ते सप्टेंबरचं बिल 1 जुलैला दिलं, त्याची मुदत 31 जुलै. आज तारीख 10 जुलै. खात्यावर दोन्ही मिळून 19,200 दिसतात, म्हणून तुम्ही म्हणता एकोणीस हजार थकलंय. पण मुदत फक्त पहिल्या 9,600 ची उलटली आहे. तेवढीच थकबाकी. दुसरे 9,600 हे चालू तिमाहीचं येणे आहे, ते देय आहे पण थकलेलं नाही. नोटिशीत 19,200 रुपये "थकबाकी" लिहिलंत, तर सभासद पहिल्याच ओळीवर हरकत घेईल आणि त्याचं बरोबर असेल. मग बाकीची नोटीस वाचायच्या मनःस्थितीत तो राहत नाही.

म्हणजे मुदत उलटली तर थकबाकी, मुदतीच्या आत असेल तर येणे किंवा देय रक्कम. "बाकी" हा मोकळा शब्द आहे, हिशेबात जे उरलं ते. तो पासबुकात चालतो. नोटिशीत एकटा वापरू नये, "30 जूनअखेर बाकी" असा तारखेला बांधून वापरावा. "देयक" म्हणजे बिल, आणि "देय" म्हणजे द्यायची असलेली. "आपले देय भरावे" असं हल्ली सर्रास दिसतं, ते "आपले देयक" किंवा "देय रक्कम" असं हवं.

आता एक बारीक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. "आपली संस्थेकडे 9,600 रुपये बाकी आहे." हे वाक्य मी नोटिशीत छापलेलं पाहिलं आहे. मराठीत पैसे ज्याचे असतात त्याला "चा-ची-चे" लागतो आणि ज्याने द्यायचे असतात त्याला "कडे" लागतो. "वाण्याची माझ्याकडे उधारी आहे" म्हटलं तर देणं माझं असतं. त्या हिशेबाने वरच्या वाक्याचा अर्थ होतो की संस्थाच सभासदाला 9,600 रुपये देणं लागते! हवं ते असं: "आपल्याकडे संस्थेची 9,600 रुपये थकबाकी आहे." "येणे" वापरायचं असेल तर "आपल्याकडून संस्थेस 9,600 रुपये येणे आहे." संस्थेच्या बाजूने पाहिलं तर येणे, सभासदाच्या बाजूने पाहिलं तर देणे. एका नोटिशीत बाजू बदलू नका.

"थकबाकीदार" हा शब्द मात्र जपून. बोलताना आपण कुणालाही म्हणून जातो, पण सहकारात त्याला व्याख्या आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बिल किंवा लेखी मागणी मिळाल्यापासून, किंवा भरायची मुदत संपल्यापासून, यांतलं जे नंतरचं असेल तिथून तीन महिन्यांत न भरणारा तो थकबाकीदार. आपल्या उदाहरणात मुदत 30 एप्रिलला संपली, म्हणजे जुलैअखेरपर्यंत 302 वर तो शिक्का मारता येत नाही. त्याच्याकडे थकबाकी आहे, तो अजून थकबाकीदार नाही. बोलीला हा फरक विचित्र वाटतो, पण थकबाकीदार ठरला की समितीच्या निवडणुकीला उभं राहण्यापर्यंत परिणाम पोचतात, त्यामुळे वेळेआधी हा शब्द लिहिणं अन्यायाचं आहे.

"कडक नोटीस"चं म्हणाल, तर कडकपणा विशेषणांत नसतो. "वारंवार सूचना देऊनही आपण जाणीवपूर्वक टाळाटाळ करीत आहात, तरी योग्य ती कायदेशीर कारवाई करण्यात येईल" यात कळण्यासारखं काहीच नाही. किती वारंवार? कोणती कारवाई? जाणीवपूर्वक हे कुणी ठरवलं? तारीख आणि आकडा लिहिला की नोटीस आपोआप ठाम होते. मी ती अशी लिहीन:

विषय: सदनिका क्र. 302 च्या सेवाशुल्काच्या थकबाकीबाबत.

एप्रिल ते जून 2025 या तिमाहीचे देयक आपल्याला 1 एप्रिल रोजी दिले होते. त्याची मुदत 30 एप्रिल होती. ही रक्कम अद्याप जमा झालेली नाही. 30 जून 2025 अखेर आपल्याकडे संस्थेची थकबाकी अशी आहे: मूळ रक्कम 9,600 रुपये, सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या द.सा.द.शे. 18 दराने 1 मे ते 30 जूनचे सरळव्याज 288 रुपये. एकूण 9,888 रुपये. जुलै ते सप्टेंबरचे देयक यात धरलेले नाही, त्याची मुदत 31 जुलै आहे. थकबाकी 25 जुलै 2025 पर्यंत जमा करावी, ही विनंती. हिशेबाबाबत हरकत असल्यास त्याच मुदतीत कार्यालयात लेखी कळवावी. रक्कम यापूर्वी भरली असल्यास पावतीची प्रत द्यावी.

यात "सदर", "उपरोक्त", "आपणांस कळविण्यात येते की" एकदाही आलेलं नाही आणि औपचारिकपणा कमी झालेला नाही. तो आला आहे दोन ठिकाणांहून. एक म्हणजे बोलीतलं "दिलं, धरलेलं" हे "दिले, धरलेले" झालं. दुसरं म्हणजे "भरा" या आज्ञेचं "जमा करावी, ही विनंती" झालं. व्याजाच्या दराशेजारी "सभेने ठरवलेल्या" हे दोन शब्द मुद्दाम आहेत. "व्याज आकारण्यात येईल" या कर्मणी वाक्यात आकारणारा कोण ते दिसत नाही, आणि सभासदाचा पहिला प्रश्न तोच असतो. 2014 च्या आदर्श उपविधींत सालाना 21 टक्के सरळव्याज ही कमाल मर्यादा आहे, त्याच्या आत आपल्या सभेने ठरवला असेल तोच दर लिहायचा. आणि कारवाईचं नाव घ्यायची वेळ आलीच, पुढच्या नोटिशीत, तर "कायदेशीर कारवाई" असं मोघम न लिहिता "महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960, कलम 154ब-29 अन्वये वसुली दाखल्यासाठी अर्ज" असं लिहा. अजूनही जुन्या नमुन्यावरून "कलम 101" उतरवलेलं दिसतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांच्या वसुलीसाठी हे वेगळं कलम आहे.

आता सभेकडे. ठरलेली तारीख यायच्या आधीच बदलली, तर सभा पुढे ढकलली. सभा भरली, अर्धा तास वाट पाहिली, गणपूर्ती म्हणजे तुमचा कोरम झाला नाही आणि अध्यक्षांनी सभा थांबवली, तर ती तहकूब झाली. तहकूब सभा संपलेली नसते, तीच पुढे चालू होते. म्हणून तिचे विषय तेच राहतात आणि आदर्श उपविधींप्रमाणे तिला गणपूर्ती लागत नाही. पुढे ढकललेल्या सभेला यांपैकी काहीही लागू होत नाही, तिला नवी नोटीस आणि पुरी गणपूर्ती हवी. तुमच्याकडे कोरम नव्हता, म्हणजे लोक जमले होते. तेव्हा तुमची सभा तहकूब झाली होती. "पुढे ढकलली" असं लिहिलंत, तर पुढच्या वेळी कमी माणसांत झालेले ठराव कुणीही प्रश्नात आणू शकेल.

यावरचा उपाय मूळ नोटिशीतच लिहून ठेवतात: "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने भरेल. तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही." गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांत जे कमी असेल ते. साठ सदनिकांच्या सोसायटीत 20 आले की पुरे.

बोलीतले "पंधरा दिवस आधी नोटीस द्या" हेही नोटिशीच्या बाबतीत नेमकं नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेला "पूर्ण 14 दिवस" हवेत. पूर्ण म्हणजे नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मधले चौदा. 2025 मध्ये रविवारी 21 सप्टेंबरला सभा धरली, तर 7 ते 20 हे चौदा दिवस झाले, आणि नोटीस 6 सप्टेंबरला घरोघरी पोचलेली हवी होती. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या गडबडीत नोटिसा राहिल्या आणि सोमवारी वाटल्या, तर वरची तारीख 6 असली तरी दिवस भरत नाहीत. सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायची असते, त्यामुळे त्या आठवड्यात चुकलं की हातात एकच रविवार उरतो.

तहकूब सभेच्या वेळी "आता लोक आलेच आहेत तर लिफ्टचंही घेऊन टाकू" असं कुणीतरी म्हणतंच. विषयपत्रिकेत लिफ्ट नसेल तर त्या सभेत ती घेता येत नाही, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" या ओळीखालीही खर्चाचा ठराव ढकलू नये. त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. तिला पूर्ण 5 दिवसांची नोटीस पुरते, आणि तिच्या विषयात "लिफ्टबाबत चर्चा" एवढंच न लिहिता "लिफ्ट बदलण्याच्या अंदाजपत्रकास मंजुरी देणे व प्रत्येक सदनिकेकडून घ्यावयाची वर्गणी ठरविणे" असं लिहा. नुसत्या "चर्चा" या विषयावर खर्च मंजूर करायला गेलात, तर पहिला आक्षेप तिथेच येतो.