होडी मागे गेली, आणि थोड्या वेळाने परत आली

प्रश्न: मुलीच्या अकरावीच्या सरावात हे गणित आहे. 176 किलोची होडी, स्थिर पाणी, 64 किलोचा माणूस होडीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे 4.5 मीटर चालतो. होडी किती सरकेल? मी 64 × 4.5 ला 176 ने भागलं, 1.64 मीटर आलं. पुस्तकात उत्तर 1.2 आहे. आणि माणूस अगदी हळू चालला तर होडी कमी सरकायला हवी ना? मुलगी म्हणते वेगाचा संबंधच नाही.

उत्तर:

1.2 बरोबर आहे, आणि गणितापुरती मुलगीही बरोबर आहे. पण खऱ्या पाण्यात तुमचीच शंका खरी ठरते. हे मला कळायला बरीच वर्षं आणि एक फसलेली सकाळ लागली. ते पुढे सांगतो, आधी तुमचा 1.64 बघू.

चूक भागाकारात नाही, 4.5 मध्ये आहे. ते साडेचार मीटर होडीच्या फळ्यांवर मोजलेले आहेत आणि फळ्या तर माणसाच्या पायाखालून मागे चालल्यात. माणूस निघाला त्या जागी पाण्यात एक बांबू रोवा, पोचला तिथे दुसरा रोवा. दोन बांबूंमधलं अंतर साडेचार भरणार नाही. होडी जेवढी मागे गेली तेवढं त्यातून वजा होईल. होडी x मीटर सरकली तर माणूस काठाच्या हिशेबाने फक्त 4.5 − x गेला.

बाहेरून कोणी ढकलत नाही, सुरुवातीला दोघंही स्तब्ध. अशा वेळी माणूस आणि होडी मिळून जे वस्तुमान केंद्र असतं ते जागचं हलत नाही. म्हणजे माणसाचं वस्तुमान गुणिले त्याचं पुढे जाणं हे होडीचं वस्तुमान गुणिले तिचं मागे जाणं एवढंच असलं पाहिजे:

64 × (4.5 − x) = 176 × x

यातून x = 288 / 240 = 1.2 मीटर. अक्षरांत लिहायचं तर माणसाचं वस्तुमान m, होडीचं M आणि चाललेलं अंतर L धरून x = mL / (M + m). भागायचं ते होडी आणि माणूस यांच्या बेरजेने, नुसत्या होडीने नाही. पडताळा घ्या: माणूस खरा गेला 3.3 मीटर, 64 × 3.3 = 211.2 आणि 176 × 1.2 = 211.2. तुमचा 1.64 घेतला तर माणूस गेला 2.86. एका बाजूला 183 येतात, दुसऱ्या बाजूला 288. जुळत नाही.

L म्हणजे होडीची लांबी नव्हे, पावलं प्रत्यक्ष चालली ते अंतर. निमुळत्या टोकावर कोणी उभं राहत नाही, त्यामुळे सहा मीटरच्या होडीतही चालणं साडेचारच मीटर होऊ शकतं. होडीचं स्वतःचं केंद्र मध्यावर आहे की मागच्या बाजूला जड आहे, याने मात्र काही फरक पडत नाही. ते कुठेही असो, होडीबरोबर तेवढंच सरकतं.

काठाला टेकलेल्या होडीत मागे बसलेला माणूस उतरायला म्हणून पुढे चालत आला, की पुढच्या टोकाशी पोचेपर्यंत काठ 1.2 मीटर दूर गेलेला असतो. म्हणून नावाडी आधी उडी मारून दोर खुंटीला बांधतो आणि मगच बाकीच्यांना उठू देतो. दोर ताणला गेला की तो होडीला बाहेरून ओढतो, आणि मग वरचं गणित लागू राहत नाही.

आता वेग. पाण्याचा विरोध अजिबात नाही असं धरलं, तर होडीचा वेग कुठल्याही क्षणी माणसाच्या होडीतल्या वेगाच्या 64/240 पट, उलट दिशेला. माणूस निम्म्या वेगाने चालला तर होडीही निम्म्या वेगाने सरकते, पण दुप्पट वेळ सरकते. मध्येच थांबून तंबाखू मळली तरी शेवटी 1.2 च. मुलगी म्हणते ते हेच.

मीही कनिष्ठ महाविद्यालयात हेच शिकवत आलो. मग एका जानेवारीत हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या बाजूला जिथे पूर्णा तापीला मिळते तिथे, मित्राची मासेमारीची होडी होती आणि मला एक हुक्की आली. सूत्र उलटं वापरून होडीचं वजन काढायचं. सरकणं मोजता आलं तर M = m(L − x) / x. माझं वजन माहीत, चालायचं अंतर टेपने मोजलेलं, पाण्यात बांबू रोवलेला, होडीच्या कडेला खडूची खूण. पाणी आरशासारखं होतं आणि मित्र काठावर बसून होता.

भराभर चाललो तेव्हा वजन दोनशेच्या जवळपास आलं. म्हटलं आता जपून, होडी डुलू न देता, पाऊल पाऊल टाकत करू. वजन पाचशेच्या वर गेलं! पाचशे किलोची होडी आम्ही दोघांनी तासाभरापूर्वी चिखलातून ओढत पाण्यात लोटलीच नसती. त्यातून मी आकडा वहीत लिहून मान वर करेपर्यंत खडूची खूण बांबूकडे परत येत होती.

मी वाऱ्याला दोष दिला. मित्र म्हणाला, "भो, वारा असता तर दुसऱ्या बाजूने चालल्यावर ती उलटी पळाली असती का?" खरंच होतं. मी उलट दिशेने चाललो तेव्हा होडी उलट सरकली, आणि परत येणंही उलट दिशेनेच झालं. वारा दोन्ही वेळा एकाच बाजूला ढकलतो. हे येणं माझ्या चालण्याशी बांधलेलं होतं.

कारण पाण्यात आहे. जमिनीवरचं कपाट ठरावीक जोर लागेपर्यंत हलत नाही. पाण्याला तसं धरून ठेवणं जमत नाही, जड होडीही बोटाने लोटली तरी हलते. पाणी फक्त चालत्या होडीला विरोध करतं. तुम्ही पुढे चालता तेव्हा होडी मागे जाते आणि पाणी तिला पुढच्या दिशेला रेटत असतं. चालणं चालू असेपर्यंत या जोडीला पुढच्या दिशेचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, थोडा थोडा मिळत राहतो. तुम्ही थांबलात की तो नाहीसा होत नाही. होडी आणि तुम्ही मिळून हळूच पुढे, म्हणजे तुम्ही चाललात त्या दिशेला, निघता. मग पाणी उलट बाजूने रेटायला लागतं, आणि मिळालेला सगळा संवेग काढून घेतल्यावरच होडी थांबते.

आता विरोध वेगाच्या सरळ प्रमाणात आहे असं धरा, वेग दुप्पट तर विरोध दुप्पट. एकूण संवेग सुरुवातीला शून्य होता, शेवटीही शून्य. म्हणजे पाण्याने पुढे रेटलं तेवढंच मागे रेटलं. पण विरोध म्हणजे ठरावीक आकडा गुणिले वेग, आणि वेगाची वेळेवर केलेली बेरीज म्हणजे सरकलेलं अंतर. तेव्हा होडीचं एकूण सरकणंही शून्य! होडी नेमकी निघाल्या जागी परत येते. विरोध कितीही कमी असो, निष्कर्ष तोच, फक्त परत यायला वेळ जास्त लागतो.

तुमच्याच आकड्यांनी बघू. समजा ही होडी माणसासकट लोटून सोडली तर पाण्याच्या विरोधाने दर 20 सेकंदांना तिचा वेग साधारण 37 टक्क्यांवर येतो. माणूस 5 सेकंदांत पलीकडे गेला. निघताना होडीचा वेग सेकंदाला 24 सेंटिमीटर, आणि माणूस थांबतो त्या क्षणी ती मागे सरकलेली आहे 1.06 मीटर. 1.2 च्या बऱ्यापैकी जवळ. मग ती सेकंदाला पाचेक सेंटिमीटरने परत निघते आणि मिनिटाभरात जवळजवळ सगळं अंतर भरून काढते. तोच माणूस पूर्ण मिनिट लावून चालला तर थांबतानाच्या क्षणी होडी फक्त 0.38 मीटर मागे असते. कारण अर्ध्या वाटेवरच पाण्याने तिला जवळजवळ थांबवलेलं असतं.

हळू चालला तर कमी सरकायला हवी, हे तुम्ही म्हणालात ते हेच. आणि माझा घोळही इथेच होता. 1.06 वरून वजन काढलं तर 208 किलो येतं, 0.38 वरून 694. होडी तीच, 176 ची. मी जितकं जपून मोजायला गेलो तितका जास्त चुकलो.

यातही एक मर्यादा आहे. या वेगांना होडीभोवती लहान भोवरे पडतात आणि विरोध वेगापेक्षा वेगाच्या वर्गाच्या जवळ जातो. तसं असेल तर परत येणं नेमकं शून्यावर थांबत नाही, होडी मूळ जागा ओलांडूनही थोडी पुढे रेंगाळते. त्यामुळे खूण बांबूपाशी तंतोतंत आली नाही म्हणून गणित खोटं समजू नका.

वाराही किरकोळ समजू नका. सेकंदाला 2 मीटरची झुळूक, जी अंगाला जेमतेम लागते, ती होडीच्या बाजूवर आणि उभ्या माणसावर मिळून दोनेक न्यूटन जोर लावते. एवढ्याने 5 सेकंदांत या होडीला सेकंदाला चार-पाच सेंटिमीटर वेग येतो, म्हणजे परत येण्याच्या वेगाएवढाच. दुपारी हा खेळ करण्यात अर्थ नाही. उन्हं वर यायच्या आत करायचा.

मुलीला करून बघायचं असेल तर मी शेवटी जसं केलं तसं करा. तळाला साचलेलं पाणी उपसून टाका, नाहीतर तेही होडीच्या वजनात धरावं लागेल. काठावर एकजण मोबाइलवर चित्रण करत बसू दे, फ्रेममध्ये बांबू आणि खूण दोन्ही आली पाहिजेत. चालणाऱ्याने पोहण्याचं जाकीट घालून लगबगीने चालायचं, आणि x वाचायचा तो थांबल्याच्या क्षणाचा, नंतरचा नाही. मग उलट दिशेने तेच, आणि दोन्ही आकड्यांची सरासरी. तसं करूनही वजन थोडं जास्तच येतं. आमचं दोनशेच्या किंचित खाली आलं. मित्राने मान डोलावली आणि पुढच्या वेळी मासे भरून मोजू म्हणाला.